केमोच्या आधी डबी, केमोनंतर सकाळचं रक्त: वृषणाच्या कॅन्सरमध्ये इच्छा, इरेक्शन आणि मूल यांचं काय होतं

आंघोळ करताना डावी गोटी दगडासारखी लागली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं नव्हतं, साताऱ्याहून पुण्याला नोकरीला आलेलो. सोनोग्राफी झाली, चार दिवसांत जांघेतून चीर देऊन गोटी काढली आणि पंधरा दिवसांनी हातात कागद आला की बीईपी नावाच्या केमोच्या तीन सायकल लागतील. या सगळ्यात "मूल होईल का" हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही, कारण घरचे सगळे शेजारी बसलेले आणि आईसमोर काय विचारणार. हे लिहितोय ते आत्ता त्या जागी बसलेल्या पोरांसाठी. क्रमाने सांगतो, कारण यात क्रम चुकला की काही गोष्टी परत मिळत नाहीत.

आधी एक गोष्ट डोक्यात स्वच्छ करून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. इच्छा, ताठरता आणि शुक्राणू ही तीन वेगळी खाती आहेत. इच्छा बरीचशी टेस्टोस्टेरॉनवर आणि डोक्यात काय चाललंय त्यावर चालते. ताठरता रक्तवाहिन्या आणि नसांवर चालते, आणि त्या नसा गोटीतून जातच नाहीत, त्यामुळे गोटी काढल्याने इरेक्शन जात नाही. शुक्राणू गोटीतल्या वेगळ्या पेशी बनवतात आणि केमोचा सगळ्यात मोठा मार त्यांच्यावर बसतो, कारण केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. म्हणजे एखाद्याचं सगळं नीट चालू असतं, वीर्य पण येतं, पण त्यात शुक्राणू शून्य असतात. दिसायला काहीच फरक नसतो, रिपोर्ट काढल्याशिवाय कळत नाही.

१. केमोच्या आधी सॅम्पल ठेवा, शक्य असेल तर ऑपरेशनच्याही आधी

मला हे कळलं ते डे-केअरमधल्या एका वयस्कर सिस्टरमुळे. गुरुवारी वजन-उंची घ्यायला गेलो, केमो सोमवारी सुरू होणार होतं, त्या सहज म्हणाल्या, "सॅम्पल ठेवलंस का रे बाळा?" मी म्हटलं कसलं सॅम्पल. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना विचार, मग सही कर." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले एक दिवस थांबायला हरकत नाही, मंगळवारी सुरू करू. बहुतेक वेळा दोनचार दिवसांनी काही बिघडत नाही, पण मार्कर, म्हणजे रक्तात कॅन्सरचा माग दाखवणारे आकडे, खूप चढलेले असतील किंवा फुप्फुसात गाठी पसरून धाप लागत असेल तर थांबता येत नाही, तो निर्णय ऑन्कॉलॉजिस्टचाच. म्हणूनच हा विषय पहिल्याच भेटीत काढायचा, शेवटच्या गुरुवारी नाही.

ऑपरेशनच्या आधी का म्हणतोय, तर या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या पोरांचा शुक्राणूंचा काउंट केमोच्या आधीच कमी असतो. आजारी गोटी काम करत नसते आणि कधीकधी दुसरीही जन्मापासून कमजोर असते, विशेषतः लहानपणी ती खाली उतरली नव्हती असं असेल तर. ऑपरेशनआधीच्या सॅम्पलमध्ये शुक्राणू शून्य निघाले तर एक रस्ता तेव्हाच मोकळा असतो: गोटी काढली की लगेच, त्याच दिवशी, तिच्यातल्या चांगल्या भागातून शुक्राणू शोधून फ्रीझ करतात. पण त्यासाठी लॅबचा माणूस तिथे हजर लागतो, म्हणजे आधी ठरवावं लागतं. गोटी एकदा पॅथॉलॉजीच्या बरणीत गेली की संपलं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आयव्हीएफ सेंटर किंवा सीमेन बँकेला फोन करून सरळ सांगायचं, "कॅन्सर पेशंट आहे, केमो अमुक तारखेला आहे, स्वतःचं सॅम्पल फ्रीझ करायचंय." कॅन्सर म्हटलं की बहुतेक ठिकाणी लगेच वेळ देतात. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएलचं रक्त घेतात, त्याचा रिपोर्ट असेल तर सोबत न्या, वेळ वाचतो. सॅम्पलच्या आधी दोन-तीन दिवस वीर्य बाहेर काढायचं नाही, आणि दोन सॅम्पलमध्ये साधारण दोन दिवसांचं अंतर, जमली तर दोन-तीन सॅम्पल. वेळच नसेल तर एक सुद्धा चालतं, अजिबात नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

खोलीतल्या गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. तेल, साबण, थुंकी, लुब्रिकंट काही वापरायचं नाही, शुक्राणू मरतात. साधा कंडोम घालून गोळा करायचं नाही. पहिले थेंब डबीतच पडले पाहिजेत, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात, ते बाहेर सांडले तर खोटं बोलू नका, लॅबवाल्याला सांगा. आणि हो, जांघेत टाके असताना, बाहेर बाबा बाकावर बसलेले असताना, मनात कॅन्सर असताना हे करणं अवघड जातं, मला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. अगदीच होत नसेल तर बऱ्याच ठिकाणी घरून आणायला परवानगी देतात, फक्त तासाभरात पोचवायचं आणि डबी अंगाजवळ उबेत ठेवायची, बाईकच्या डिकीत नाही.

माझं पहिलं सॅम्पल शुक्रवारी: पावणेदोन मिली, एका मिलीत नव्वद लाख शुक्राणू. सोमवारचं त्याहून कमी, साठ लाख. नॉर्मलची खालची रेष साधारण एक कोटी साठ लाख धरतात, म्हणजे माझे दोन्ही रिपोर्ट नापास. मी तिथेच हिरमुसलो. लॅबमधला पोरगा म्हणाला, "सर, इक्सीला एका अंड्याला एकच शुक्राणू लागतो, तुमचे लाखात आहेत." ते खरंच आहे. गोठवून परत वितळवताना निम्मे तरी गळतात, पण इक्सीमध्ये सुईने एकेक शुक्राणू अंड्यात सोडतात, त्यामुळे कमी काउंटचं सॅम्पल फेकून देण्यासारखं नसतं. दोन सॅम्पलच्या मिळून पाच व्हायल्स, म्हणजे छोट्या कुप्या, झाल्या आणि उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये गेल्या.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, तुमचा मृत्यू झाला तर सॅम्पलचं काय करायचं. सव्वीसाव्या वर्षी तो वाचून पोटात गोळा येतो, पण रिकामा सोडू नका. केमोआधी सॅम्पल ठेवून पुढे वारलेल्या एका अविवाहित मुलाच्या आईवडिलांना त्याचं सॅम्पल मिळवायला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं होतं, निकाल २०२४ मध्ये त्यांच्या बाजूने लागला, पण मधली वर्षं गेलीच. किती वर्षं ठेवणार, वर्षाची फी किती, दुसऱ्या सेंटरला हलवता येतं का, हे तिन्ही लेखी घ्या.

२. केमो चालू असताना

बीईपी म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन. एक सायकल एकवीस दिवसांची: पहिले पाच दिवस रोज इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन, आणि ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा. तीन सायकल म्हणजे नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात उलटी दाबायला स्टिरॉइड असतं, झोप उडते, मग दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तुम्ही पण. तिसऱ्या आठवड्यात जरा माणसात येतो तोवर पुढची सायकल. इच्छा या काळात जातेच, तिसऱ्या सायकलला तर माझ्या डोक्यात तो विषयच येत नव्हता, भात वरण पोटात टिकलं तरी दिवस चांगला वाटायचा. यात बिघाड काही नाही, शरीर आजारी आहे एवढंच. या काळात टेस्टोस्टेरॉन तपासून घाबरू पण नका, आजारपणात ते तसंही खाली दिसतं.

ज्यांची जोडीदार आहे त्यांच्यासाठी: जवळीक चालते, पण कंडोम लागतोच, दोन वेगवेगळ्या कारणांनी. एक, औषधाचा अंश वीर्यात येतो, म्हणून केमोचे दिवस आणि नंतरचा आठवडाभर तरी तिला त्याचा संपर्क नको. दुसरं जास्त महत्त्वाचं: शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे केमो सुरू झालं तरी आधी अर्धवट बनलेले शुक्राणू काही आठवडे बाहेर येत राहतात, आणि त्यांच्या डीएनएला औषधाचा मार बसलेला असतो. म्हणजे "केमो चालू आहे, आता कशाला काळजी" हे उलटं आहे. गर्भ राहू द्यायचा नाही, आणि केमो संपल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर नाही, तुमचे डॉक्टर जो आकडा देतील तो. याच कारणाने पहिली सायकल सुरू झाल्यावर सॅम्पल ठेवायला पळू नका, ती वेळ गेलेली असते.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तळाला असतात त्या आठवड्यात मात्र जखम होईल असं काही नको. आणि इरेक्शनची गोळी मित्राकडून घेऊन या काळात खाऊ नका, उलटीवरचं अप्रेपिटंट नावाचं औषध त्या गोळीचा रक्तातला डोस वाढवतं.

३. केमो संपल्यावर: इच्छा आणि सकाळचं रक्त

इथे सगळ्यात जास्त पोरं चुकतात, मी पण चुकता चुकता राहिलो. केमो संपून तीन महिने झाले, केस आले, ऑफिस सुरू झालं, पण इच्छा काही परत येईना. एक दिवस ऑफिस सुटल्यावर पाच वाजता जाऊन टेस्टोस्टेरॉन करून आलो. आलं २६०. लॅबच्या कागदावर ३०० च्या वर पाहिजे असं लिहिलेलं, ते ठळक अक्षरात लाल. जिममधला मित्र म्हणाला, "अरे एक गोटी गेलीय, कमी येणारच, महिन्याला दोन इंजेक्शन घे, वाघ होशील."

थांबा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, त्यामुळे ते सकाळी सात ते दहाच्या मध्ये, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत करून मगच मानायचं. सोबत एलएच आणि एफएसएच, म्हणजे मेंदूकडून गोटीला येणारे सिग्नल, ते पण तपासा. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, मला हेच करायला लावलं आणि सकाळचा आकडा आला ३९०, एलएच जरासं चढलेलं. त्यांनी समजावलं ते असं: मेंदू एलएच पाठवून गोटीला म्हणतो हार्मोन बनव, तुझी एकच गोटी आहे आणि केमोने ती थकलीय, म्हणून मेंदू जरा मोठ्याने ओरडतोय, पण काम होतंय. औषध काही नाही, वर्षाला एकदा तपासायचं. सकाळचे दोन्ही आकडे कमी आणि एलएच खूप चढलेलं असतं तर ते खरं कमी म्हटलं असतं, आणि तसे लोक थोडेथोडके नसतात, त्यांना थकवा, उदासी, दाढी विरळ होणं, पोट सुटणं, इच्छा मरणं हे सगळं असतं आणि उपचाराने फरक पण पडतो.

पण उपचाराची मेख इथे आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं, इंजेक्शन असो की जेल, तर मेंदूला वाटतं माल भरपूर आहे आणि तो गोटीला सिग्नल पाठवणं बंद करतो. गोटीच्या आतलं टेस्टोस्टेरॉन पडतं आणि शुक्राणू बनणं थांबतं. म्हणजे केमोतून कशीबशी उठत असलेली गोटी तुम्ही स्वतःच्या पैशाने परत झोपवता. ज्याला पुढे मूल हवंय त्याने ही गोष्ट इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना सांगायची, दुसरे मार्ग असतात.

त्यातला एक मार्ग एचसीजीचं इंजेक्शन, जे गोटीला एलएचसारखाच सिग्नल देतं, आणि त्यात आपल्या आजाराची वेगळीच गंमत आहे. बीटा एचसीजी हाच आपला मार्कर आहे ना, दर काही महिन्यांनी बघतात तो. ते इंजेक्शन घेतलं तर रिपोर्टमध्ये तो चढलेला दिसतो आणि कॅन्सर परत आला की काय म्हणून घरात रडारड. म्हणून हार्मोनवाले आणि ऑन्कॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांची औषधं माहीत पाहिजेत. इंजेक्शन न घेताही कधीकधी टेस्टोस्टेरॉन फार खाली गेलेल्या माणसात बीटा एचसीजी किंचित वर दिसतं, कारण मेंदूतली पिट्युटरी ग्रंथीच थोडं बनवायला लागते. अशा वेळी टेस्टोस्टेरॉन, एलएच बघितल्याशिवाय कुणी थेट केमो म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

माझी इच्छा पाचव्या महिन्यात आपोआप आली, एकदम नाही, आधी स्वप्नात.

४. इरेक्शन: सकाळची घरगुती टेस्ट

झोपेत आणि सकाळी उठताना ताठरता येते का ते आठवडाभर लक्ष ठेवा. येत असेल तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन बऱ्यापैकी ठीक आहेत आणि अडचण बहुधा डोक्यात आहे, आरशात रिकामी जागा दिसते, आता जमेल का ही परीक्षा मनात चालू असते, त्याने कुणाचंही बसतं. अशांना काउन्सेलर आणि काही महिने गोळी एवढ्याने गाडी रुळावर येते. रिकाम्या जागेचं फारच वाटत असेल तर सिलिकॉनची कृत्रिम गोटी बसवून मिळते, ती काम काही करत नाही, फक्त हाताला लागते.

सकाळची पण येत नसेल, आणि इच्छा आहे तरी होत नाहीये, तर आधी सकाळचं टेस्टोस्टेरॉन, मग शुगर, बीपी, लिपिड. सिस्प्लॅटिन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देतं, त्यात सिगरेट असेल तर काय होणार ते उघड आहे. सिल्डेनाफिल ही इरेक्शनची गोळी साधारण तासभर आधी, जड जेवणावर नाही, आणि नुसती खाऊन टीव्ही बघत बसलं तर काही होत नाही, मन लागावं लागतं. पहिल्या वेळी फसली म्हणून लगेच सोडू नका, चार-पाच वेळा नीट वापरून मग ठरवा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर मात्र अजिबात नाही, बीपी धोकादायक पडतं.

५. पोटातल्या गाठींचं ऑपरेशन असेल तर

काहींना केमोनंतर पोटात, पाठीच्या कण्याजवळ गाठी उरतात आणि त्या काढतात, त्याला आरपीएलएनडी म्हणतात. तिथूनच वीर्य बाहेर ढकलणाऱ्या बारीक नसा जातात. त्या दुखावल्या तर इरेक्शन होतं, सुखाचा क्षण येतो, पण बाहेर काहीच येत नाही, कोरडं. वीर्य एकतर मागे मूत्राशयात जातं किंवा सुटतच नाही. ऑपरेशनआधी सर्जनला एकच प्रश्न विचारा, "नसा वाचवून करता येईल का, आणि तुम्ही हे वर्षाला किती करता?" गाठ मोठी किंवा नसांना चिकटलेली असेल तर नसा कापाव्या लागतात, तिथे हट्ट नको. कोरडं झालं तर त्यानंतरची लघवी तपासून त्यात शुक्राणू सापडतात का बघतात. सापडले तर काही औषधांनी प्रवाह पुढे वळवता येतो, किंवा लघवीतूनच शुक्राणू काढून वापरतात.

६. काउंट परत कधी येतो

घाईने रिपोर्ट काढाल तर रडाल. केमोनंतर पहिले काही महिने शून्य हे ठरलेलंच. माझे आकडे: सहाव्या महिन्यात शून्य, चौदाव्या महिन्यात वीस लाख, सव्विसाव्या महिन्यात एक कोटी सत्तर लाख, म्हणजे केमोच्या आधीपेक्षा चांगला, कारण आजारच गेला होता. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत साधारण निम्म्यांचा काउंट दोन वर्षांत परत येतो आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोकांचा पाच वर्षांत. तीन-चार सायकलपर्यंत हे गणित ठीक चालतं, त्याहून जास्त डोस लागला की आशा कमी होत जाते. एकच सायकल झाली असेल तर परिणाम बराच हलका. पहिला रिपोर्ट वर्षाने काढा, मग सहा-आठ महिन्यांनी. दोन वर्षांनी शून्य आलं तरी दार बंद झालेलं नसतं, आणि पुढेही शून्यच राहिलं तर मायक्रोस्कोपखाली गोटीत शुक्राणू शोधायचं ऑपरेशन असतं, काहींना सापडतात.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं बघा, डोपिंगचं सोडून द्या. १९९६ मध्ये केमोच्या आधी त्याने सॅम्पल ठेवलं, पहिली तीन मुलं त्या सॅम्पलवर आयव्हीएफने झाली, आणि २००९ मध्ये चौथं मूल नैसर्गिकरीत्या. घरचे मात्र युवराज सिंगचं उदाहरण देतील, त्याच्यावर २०१२ मध्ये अमेरिकेत उपचार झाले हे खरं, पण त्याची गाठ छातीत होती, गोटीत नाही, म्हणून हार्मोनच्या बाबतीत त्याच्याशी तुलना करू नका.

माझं लग्न चौथ्या वर्षी झालं. स्थळ बघताना आई म्हणायची, "आत्ताच कशाला सांगायचं." मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं, दोन मुलींनी नाही म्हटलं, तिसरीने विचारलं, "रिपोर्ट आहेत का? दाखव." फाइल दाखवली, सव्विसाव्या महिन्याचा काउंट आणि पाच व्हायल्सची पावती सकट. मुलगी आता दीड वर्षाची आहे, व्हायल्स लागल्या नाहीत, पण दुसऱ्याचा विचार चालू आहे म्हणून मी दर जानेवारीला रिन्यूअल भरतो. एका वर्षी सेंटरचा रिमाइंडर जुन्या नंबरवर गेला आणि मुदत उलटून तीन आठवडे झालेले कळलं, नशिबाने त्यांनी टाकून दिलं नव्हतं. नंबर बदलला की बँकेच्याही आधी तिथे कळवा, आणि घरातल्या अजून एकाचा नंबर फॉर्मवर द्या.